परिच्छेद क्रमांकासकट संदर्भ कसा द्यायचा: फाशीवरच्या एका लॉ निबंधातलं एकच वाक्य घेऊन

लॉच्या पहिल्या वर्षाला माझा एक निबंध परत आला तेव्हा त्यात मजकुरावर एकही लाल रेघ नव्हती, सगळ्या रेघा खाली तळटिपांना होत्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच शब्द, "कुठे?" मी निकालाचं नाव दिलं होतं, साल दिलं होतं, निकाल छापणाऱ्या मालिकेचा, म्हणजे रिपोर्टरचा, खंड आणि पान दिलं होतं, मला वाटलं झालं की काम. पण शेकडो परिच्छेदांचा निकाल असेल तर नुसतं नाव देणं म्हणजे पत्ता विचारणाऱ्याला नुसतं शहराचं नाव सांगणं. तपासणारा माणूस तुमचं वाक्य त्या निकालात शोधत बसणार नाहीये, तो सरळ मार्क कापणार.

पिनपॉइंट म्हणजे एवढंच, की निकाल किंवा अहवाल सांगून झाल्यावर त्यातला नेमका परिच्छेद, आणि कायद्याच्या बाबतीत नेमकं पोटकलम, खंड किंवा परंतुक सांगायचं. ऐकायला कारकुनी काम वाटतं. पण करायला बसलं की कळतं, की नेमका परिच्छेद शोधताना आपलं वाक्यच बदलायला लागतं, कारण आपण जे लिहिलेलं असतं ते तिथे तसं नसतंच. हे उदाहरणावरच दाखवतो, आणि त्यासाठी फाशीच्या शिक्षेवरचा निबंध घेऊ कारण त्यात कायदा, निकाल आणि सरकारी अहवाल तिन्ही लागतात.

समजा निबंधात हे वाक्य आहे:

"खुनाच्या गुन्ह्यात फाशी देताना कोर्टाला विशेष कारणं द्यावी लागतात, ही शिक्षा फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात देता येते, आरोपी सुधारू शकत नाही हे सरकारने पुराव्याने सिद्ध केलं पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने बच्चन सिंगमध्ये म्हटलं, आणि विधी आयोगानेही फाशी रद्द करायची शिफारस केली."

आणि वाक्याच्या शेवटी एकच तळटीप: बच्चन सिंग, एससीसी, विधी आयोग अहवाल, संपलं. असं मी लिहायचो आणि माझ्या ओळखीतले निम्मे लोक अजून लिहितात.

आधी वाक्य फोडा

या एका वाक्यात चार वेगवेगळी विधानं आहेत आणि चारांचा आधार वेगळा आहे. विशेष कारणांचा आधार कायदा. दुर्मिळातल्या दुर्मिळचा आधार निकाल. सुधारणेच्या पुराव्याचा आधार निकालातली वेगळी जागा (आणि तिथेच गोची आहे, सांगतो). शिफारशीचा आधार अहवाल. म्हणून तळटिपा चार, आणि प्रत्येक तळटिपेचा आकडा त्या त्या विधानाला लागून, म्हणजे स्वल्पविरामाच्या जागी, वाक्याच्या शेवटी ढीग करून नाही. शेवटी एकच आकडा टाकला तर वाचणाऱ्याला कळत नाही की कुठला आधार कशाला आहे, आणि खरं सांगायचं तर लिहिणाऱ्यालाही कळत नसतं.

मी हे कागदावर करतो. वाक्य लिहायचं, विधानांच्या मध्ये उभ्या रेघा मारायच्या, प्रत्येक तुकड्याखाली लिहायचं की हे कोण म्हणालं: संसद, न्यायाधीश, वकील का आयोग. जिथे लिहिता येत नाही तो तुकडा एक तर तुमचं स्वतःचं मत आहे, नाहीतर कुठेतरी वाचलेलं हवेतलं आहे.

कायदा: कलमावर थांबू नका

पहिला तुकडा, विशेष कारणं. लोक लिहितात "फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ३५४". आता कलम ३५४ हे अख्खं निकालपत्र कसं असावं याबद्दल आहे, भाषा कुठली, त्यात काय काय लिहायचं, असं बरंच. फाशीसाठी विशेष कारणं नोंदवायची गोष्ट येते पोटकलम (३) मध्ये. तेव्हा पिनपॉइंट आहे कलम ३५४(३).

तळटीप अशी होईल:

फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३, कलम ३५४(३).

इथे पान क्रमांक द्यायचा नाही. बेअर अ‍ॅक्टचं पुस्तक कुठल्याही प्रकाशकाचं असो, कलम तेच राहतं, पान मात्र प्रत्येकाचं वेगळं. कलमाच्या आत जायची उतरंड अशी: कलम, मग पोटकलम, मग खंड, मग उपखंड. त्याशिवाय परंतुक आणि स्पष्टीकरण हे वेगळे प्राणी आहेत, ते कंसात बसत नाहीत, शब्दात लिहायचे: "कलम अमुक, पोटकलम (१), दुसरं परंतुक". तुमचा मुद्दा परंतुकावर उभा असेल आणि तुम्ही नुसतं कलम दिलं, तर तुम्ही अपवादाऐवजी मूळ नियमाकडे बोट दाखवलं, म्हणजे पुष्कळदा नेमकं उलट. आणि संविधान असेल तर कलम न म्हणता अनुच्छेद म्हणा, मराठीत हा फरक सरळ आहे तरी निबंधांत दोन्ही सर्रास मिसळलेले दिसतात.

अधिनियम क्रमांक द्यायची पद्धत तुमच्या कॉलेजात असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. या संहितेच्या नावात १९७३ आहे पण ती १९७४ चा अधिनियम क्रमांक २ आहे. म्हणजे नावातलं साल आणि क्रमांकातलं साल जुळत नाही आणि ती तुमची चूक नाही, ते तसंच आहे, "दुरुस्त" करायला जाऊ नका.

आता खरा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ लागू झाली, आणि जुन्या ३५४(३) ची जागा आता तिथल्या कलम ३९३(३) ने घेतलीये. मग निबंधात कुठलं द्यायचं? विधान कुठल्या काळाबद्दल आहे यावर ते ठरतं. "आज कायदा असा आहे" म्हणत असाल तर नवीन. बच्चन सिंगमध्ये कोर्टाने काय अर्थ लावला हे सांगत असाल तर जुनं, कारण १९८० साली न्यायाधीशांसमोर ३५४(३) होतं, ३९३(३) जन्मालाही आलं नव्हतं. दोन्ही दाखवायचे असतील तर पहिल्या वेळी एकदाच जोडी द्या:

फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३, कलम ३५४(३) (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३, कलम ३९३(३)).

शिक्षेचं कलमही तसंच, भारतीय दंड संहिता १८६० चं कलम ३०२ आणि भारतीय न्याय संहिता २०२३ चं कलम १०३(१). जुन्या निकालाच्या अवतरणात घुसून नवीन क्रमांक टाकणारे लोक मी बघितलेत, ते करू नका, अवतरणात जे आहे ते आहे, जोडी तळटिपेत द्या.

आणि अजून एक, कलम पुस्तकात छापलंय म्हणजे ते जिवंत आहे असं नाही. दंड संहितेचं कलम ३०३, जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, हे सुप्रीम कोर्टाने मिठू विरुद्ध पंजाब राज्य (१९८३) २ एससीसी २७७ मध्ये घटनाबाह्य ठरवलं, तरी त्यानंतरची कित्येक वर्षं ते कोऱ्या चेहऱ्याने पुस्तकात बसून होतं. कलम देण्याआधी त्याच्याखालची बारीक टीप वाचायची सवय लावा.

निकाल: आधी ठरवा, कुठल्या रिपोर्टरचा परिच्छेद

दुसरा तुकडा, दुर्मिळातलं दुर्मिळ. निकाल बच्चन सिंग विरुद्ध पंजाब राज्य, ९ मे १९८०, पाच न्यायाधीश. हा एससीसीमध्ये (१९८०) २ एससीसी ६८४ ला आहे आणि एआयआरमध्ये एआयआर १९८० एससी ८९८ ला. निकाल एकच. पण परिच्छेदांचे आकडे एकच असतीलच असं नाही, कारण जुन्या निकालांना आकडे देताना प्रत्येक संपादकाने आपापल्या पद्धतीने परिच्छेद तोडलेत.

इथेच मी आपटलो होतो. एका लेखातून परिच्छेदाचा आकडा उचलला, माझ्या तळटिपेत एससीसी लिहिलं, लेखकाने मात्र एआयआर वापरलं होतं. एससीसीमध्ये तो आकडा उघडला तर तिथे भलताच विषय चाललेला. चूक दोन-चार परिच्छेदांचीच होती पण तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती "न वाचता टाकलं" याचा पुरावाच होती, आणि खरंच मी वाचलं नव्हतं.

म्हणून नियम साधा: ज्या रिपोर्टरचं नाव तळटिपेत आहे त्याच रिपोर्टरची प्रत उघडून आकडा घ्यायचा. फुकट वेबसाइटवरच्या मजकुरात जुन्या निकालांना कधी आकडे नसतात, कधी वेगळेच असतात, तेव्हा तिथे वाचा जरूर, पण आकडा तिथून उचलून पुढे एससीसी लिहू नका. एससीसी हाताशी नसेल तर सरळ ज्या प्रतीतून वाचलं तिचाच संदर्भ द्या. अधिकृत रिपोर्टर एससीआर आहे आणि तो ऑनलाइन मोफत मिळतो, त्याच्या जुन्या खंडांत बऱ्याचदा परिच्छेदांना आकडेच नसतात, पण पानाच्या कडेला ए ते एच अशी अक्षरं छापलेली असतात, मग पिनपॉइंट पान आणि अक्षर असा देतात. अलीकडच्या निकालांना न्यायाधीशांनी स्वतःच परिच्छेद क्रमांक दिलेले असतात, आणि २०२३ पासून सुप्रीम कोर्ट स्वतःचा तटस्थ क्रमांक देतं, साल, आयएनएससी, आकडा असा. तो क्रमांक आणि कोर्टाच्या मूळ प्रतीतला परिच्छेद ही जोडी सगळ्यात बिनघोर, कारण मध्ये कुठला संपादक येत नाही.

परिच्छेद शोधायचा कसा? निकालाच्या फाइलमध्ये सर्च उघडून "rarest" वगैरे टाकू नका, ढीगभर जागा निघतील. वाक्यातला सगळ्यात विचित्र शब्द टाका:

```
unquestionably foreclosed
```

हा शब्दप्रयोग तुम्हाला सरळ निर्णायक वाक्यापाशी नेतो: कायद्याच्या हातून जीव घेणं टाळायलाच हवं, फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, जिथे दुसरा पर्याय निःसंशय बंद झालाय, तिथेच ते व्हावं, असा त्याचा अर्थ. एससीसीमध्ये हा परिच्छेद २०९. मोठ्या निकालांचे जुने स्कॅन असतील तर सर्चला शब्द सापडत नाही, कारण ओळीच्या शेवटी शब्द तुटलेला असतो किंवा स्कॅनने अक्षर चुकीचं वाचलेलं असतं, तेव्हा शब्द अर्धाच टाकून बघा, `foreclos` असा.

तळटीप:

बच्चन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९८०) २ एससीसी ६८४, परि. २०९ (न्या. सरकारिया, बहुमत).

तुमच्या कॉलेजची पद्धत परि. ऐवजी चौकोनी कंस मागत असेल तर [२०९] लिहा, पॅरा मागत असेल तर पॅरा, निबंध इंग्रजीत असेल तर अक्षरं बदला, क्रम तोच राहतो. एका निबंधात एकच पद्धत ठेवा एवढंच. लक्षात घ्या की ६८४ हा जो आकडा आहे तो निकाल सुरू होतो ते पान, तो पिनपॉइंट नाही. हे इतक्या वेळा समजावलंय मी ज्युनियर मुलांना.

त्या परिच्छेदात बोलतंय कोण?

आता तिसरा तुकडा, माझा सगळ्यात आवडता, कारण यात चांगले चांगले फसतात. "आरोपी सुधारू शकत नाही हे सरकारने पुराव्याने सिद्ध करावं असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं." सर्च केलं की तुम्ही एससीसीच्या परिच्छेद २०६ वर येता. तिथे शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितींची यादी आहे, आरोपीचं वय, मानसिक तणाव, पुन्हा हिंसा न करण्याची शक्यता, सुधारण्याची शक्यता, आणि सुधारणेबद्दलच्या अटी आरोपी पूर्ण करत नाही हे सरकारने पुराव्याने दाखवावं असंही आहे. शब्दशः जुळतंय, मिळालं! लिहा परि. २०६ आणि पुढे चला.

थांबा. यादीच्या वरची ओळ वाचा. ती यादी वकील डॉ. चितळे यांनी सुचवलेली आहे, कोर्ट ती उद्धृत करतंय. म्हणजे २०६ मध्ये बोलतंय कोण, तर वकील. कोर्ट स्वतः काय म्हणतं ते २०७ मध्ये येतं: या निःसंशय सुसंगत परिस्थिती आहेत आणि शिक्षा ठरवताना त्यांना मोठं वजन दिलं पाहिजे. म्हणजे कोर्टाने ती यादी मान्य केली, पण "मोठं वजन द्या" या शब्दांत. गुन्ह्याची तीव्रता वाढवणाऱ्या परिस्थितींची यादीही थोडी आधी, २०२ मध्ये, अशीच वकिलांकडून आलेली आहे, आणि तिच्याबद्दल कोर्टाचा सूर वेगळा आहे: ढोबळमानाने हरकत नाही, पण संपूर्ण यादी करून न्यायाधीशांचे हात बांधणार नाही, असं २०३ मध्ये म्हटलंय. दोन याद्या, दोन वेगळे प्रतिसाद, आणि नुसता यादीचा आकडा दिला तर हा फरक गायब.

म्हणून पिनपॉइंट होतो परि. २०६–२०७, आणि मुख्य म्हणजे निबंधातलं वाक्यच बदलतं: "सुधारणेची शक्यता नाही हे सरकारने पुराव्याने दाखवावं, ही बचावाच्या वकिलांची सूचना ज्या यादीत होती त्या यादीतल्या परिस्थितींना मोठं वजन द्यावं असं बहुमताने म्हटलं." जरा लांब झालं पण खरं झालं.

हे ओळखायचं कसं? नेमक्या परिच्छेदाच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन वाचायचेच, कितीही घाई असली तरी. वकिलांचा युक्तिवाद, खालच्या कोर्टाचं म्हणणं, परदेशी निकालातला उतारा, हे सगळं निकालाच्या आत असतं आणि आकडा त्यालाही असतो. "असा युक्तिवाद करण्यात आला", "आमच्या निदर्शनास आणण्यात आलं" अशी वाक्यं आजूबाजूला दिसली की सावध व्हा. आणि रेंज मोठी देऊ नका. परि. १९५–२१० दिलं की तपासणारा समजतो की तुम्हाला जागा सापडली नाही. दोन, फार तर तीन सलग परिच्छेद. मुद्दा दोन लांबच्या ठिकाणी असेल तर स्वल्पविराम देऊन दोन आकडे: परि. २०२–२०३, २०९.

आता असहमती. बच्चन सिंगमध्ये न्या. भगवती बहुमताच्या विरोधात होते, पण त्यांची कारणं मे १९८० च्या निकालाबरोबर आली नाहीत, ती आली १६ ऑगस्ट १९८२ ला आणि छापली गेली वेगळ्याच खंडात, (१९८२) ३ एससीसी २४. त्यामुळे भगवतींचं मत सांगायचं आणि तळटिपेत (१९८०) २ एससीसी ६८४ द्यायचं हे सरळ चूक, तिथे ती कारणं नाहीतच. त्यांच्यासाठी वेगळी तळटीप, वेगळे परिच्छेद क्रमांक, आणि कंसात (न्या. भगवती, असहमती) लिहायचंच. ते न लिहिता त्यांचं वाक्य "सुप्रीम कोर्टाने म्हटलं" असं दिलं तर निबंधाचा कणाच मोडतो, कारण त्यांच्या मते फाशीची तरतूद घटनाबाह्य होती आणि बहुमताने ती वैध ठरवली.

दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला बच्चन सिंग

शिक्षा वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या परिस्थितींचा "ताळेबंद" मांडायचा, हे वाक्य बहुतेक निबंधांत बच्चन सिंगच्या नावावर दिसतं. लोकांनी ते वाचलेलं असतं माछी सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९८३) ३ एससीसी ४७० च्या परिच्छेद ३८ मध्ये, जिथे नंतरच्या खंडपीठाने बच्चन सिंगमधून काय निघतं याचे मुद्दे काढलेत, आणि त्यात हा ताळेबंद आहे. म्हणजे ती माछी सिंगची मांडणी आहे. जिथे वाचलं तिथलाच परिच्छेद द्या:

माछी सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९८३) ३ एससीसी ४७०, परि. ३८ (बच्चन सिंगचा सारांश मांडताना).

थेट बच्चन सिंगचा आकडा द्यायचा असेल तर बच्चन सिंग उघडून ते वाक्य तिथे आहे का बघा. नसेल, तर मग तुम्हाला निबंधासाठी चक्क एक नवा मुद्दा मिळाला, की नंतरच्या कोर्टाने सारांश करताना काय भर घातली.

अहवाल: परिच्छेद आहे का आधी बघा

चौथा तुकडा, विधी आयोग. इथे "विधी आयोगाचा अहवाल" एवढं चालत नाही, कारण फाशीवर आयोगाचे दोन मोठे अहवाल आहेत आणि दोघांचं उत्तर उलटं आहे. ३५ वा अहवाल, १९६७, फाशी ठेवा म्हणतो. २६२ वा अहवाल, ऑगस्ट २०१५, न्या. ए. पी. शाह अध्यक्ष असतानाचा, वेगळं म्हणतो. म्हणून अहवालाचा क्रमांक आणि साल आधी.

२६२ व्या अहवालात परिच्छेदांना प्रकरणनिहाय आकडे आहेत, ७.२.४ म्हणजे सातवं प्रकरण, त्यातला दुसरा भाग, त्यातला चौथा परिच्छेद. शिफारस तिथेच आहे. आणि ती काय आहे? दहशतवादाशी संबंधित गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं हे सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी. आपल्या मूळ वाक्यात होतं "फाशी रद्द करायची शिफारस केली", अपवाद गायब. परत तेच, पिनपॉइंट शोधायला गेलो आणि वाक्य सुधारावं लागलं.

भारतीय विधी आयोग, मृत्युदंड (२६२ वा अहवाल, ऑगस्ट २०१५) परि. ७.२.४.

अहवालातही असहमती असते हे पुष्कळांना माहीतच नसतं. या अहवालाच्या शेवटी तीन सदस्यांच्या वेगळ्या टिपा आहेत, त्यात दोन पदसिद्ध सदस्य सरकारचे सचिव होते. "आयोगाने एकमताने" असं लिहिलंत तर गेलात. आणि आयोग मधल्या प्रकरणांत निकालांचे आणि जुन्या अहवालांचे लांब उतारे देतो, तिथला आकडा देऊन "आयोगाचं मत" म्हणायचं नाही, २०६ चा किस्सा इथेही लागू.

सगळ्या अहवालांत असे सुटसुटीत आकडे नसतात. काहींमध्ये प्रत्येक प्रकरणात परिच्छेद पुन्हा १ पासून सुरू होतात, मग "प्रकरण ४, परि. १२" असं दोन्ही लागतं, नुसतं परि. १२ दिलं तर ते प्रत्येक प्रकरणात सापडेल. काहींमध्ये आकडेच नसतात, मग पान. पान देताना कागदावर छापलेलं पान द्या, पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर वर जे पान दाखवतं ते नाही, कारण मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, पत्र वगैरे धरून दोघांत सहज दहा-वीस पानांचा फरक पडतो. स्वतः परिच्छेद मोजून "परि. ४७" असा आकडा बनवू नका, तुमचा ४७ दुसऱ्या कोणाचा ४६ असेल.

आता वाक्य पुन्हा

"खुनाच्या गुन्ह्यात फाशी देताना कोर्टाला विशेष कारणं नोंदवावी लागतात,¹ आणि बहुमताच्या शब्दांत ही शिक्षा दुसरा पर्याय निःसंशय बंद झालेल्या दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणापुरतीच आहे.² आरोपी सुधारण्याची शक्यता नाही हे सरकारने पुराव्याने दाखवावं ही बचावाची सूचना ज्या यादीत होती, त्या परिस्थितींना मोठं वजन द्यावं असं त्याच निकालात म्हटलंय.³ विधी आयोगाने २०१५ मध्ये दहशतवाद आणि युद्ध पुकारणं वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली, तीन सदस्यांच्या वेगळ्या टिपांसह.⁴"

तळटीप २ मध्ये बच्चन सिंग पूर्ण दिलाय, मग तळटीप ३ मध्ये पुन्हा सगळं लिहायचं नाही. लगेच वरच्याच तळटिपेत तोच एकटा स्रोत असेल तर "तत्रैव, परि. २०६–२०७". आकडा बदलला असेल तर नवीन आकडा द्यायचाच, नुसतं तत्रैव म्हणजे परत २०९. मध्ये दुसरा स्रोत आला असेल तर "बच्चन सिंग (टीप २), परि. २०३".

तत्रैवचा त्रास असा की शेवटच्या रात्री तुम्ही मध्येच एक नवी तळटीप घुसवता आणि तत्रैव भलत्याच स्रोताकडे बोट दाखवायला लागतं. म्हणून पहिल्या मसुद्यात मी तत्रैव वापरतच नाही, सगळीकडे लहान नाव आणि परिच्छेद ठेवतो, सगळं स्थिर झालं की शेवटी बदलतो. आणि "टीप २" मधला २ हाताने टाइप करू नका, वर्डमध्ये `References` मधून `Cross-reference` ने घाला, म्हणजे क्रमांक सरकले की तोही सरकतो. फक्त तो आपोआप लगेच सरकत नाही, `F9` दाबावं लागतं, आणि मुख्य मजकुरात `Ctrl+A` करून `F9` दाबलं तर तळटिपांमधले आकडे तसेच राहतात, कारण ती निवड तळटिपांपर्यंत पोचत नाही. एका तळटिपेत क्लिक करून तिथे वेगळं `Ctrl+A` आणि मग `F9`. हे मला सबमिशनच्या दुसऱ्या दिवशी कळलं.

द्यायच्या आधी एक उलटी तपासणी करतो. निबंध बाजूला ठेवतो, नुसत्या तळटिपा समोर घेतो, एकेक परिच्छेद उघडतो आणि त्यात काय आहे ते एका ओळीत स्वतःच्या शब्दांत लिहितो, कोण बोलतंय तेही. मग ती ओळ निबंधातल्या वाक्याशेजारी ठेवतो. २०६ साठी माझी ओळ झाली होती "वकील म्हणतात की", आणि निबंधात होतं "कोर्टाने म्हटलं". वीस तळटिपांना तास-दीड तास जातो, आणि दर वेळी दोन-तीन तरी सापडतात.